आलेली दाद आणि तिचे वाटेकरी

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. कोल्हापूरजवळच्या एका गावात घरी कांदा-लसूण मसाला करून विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या बरण्यांची नवी लेबलं शहरातल्या एका ग्राफिक डिझायनर मुलीने करून दिली. ही मुलगी फ्रीलान्सर आहे. कुठल्या एजन्सीत नोकरी नाही, घरातल्याच टेबलावर ऑफिस आणि एकेक काम घेऊन त्याचे पैसे. महिन्याभराने मावशींचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो:

“ताई, नवी लेबलं लावली. काल बचत गटाच्या प्रदर्शनात मसाला ठेवला हुता. आधी प्रत्येक बाईला सांगाय लागायचं, ह्यो कमी तिखट, ह्यो झणझणीत. आता बायका पट्टी बघूनच उचलत्यात. तेलाचा हात लागला तरी पुसलं की जातंय. पयला नमुना लई काळा आलता, पण बदलून दिलासा. विक्री तर डबल झाली. लई भारी काम केलंसा.”

असा मेसेज आला की पुढच्या दहा मिनिटांत बहुतेक ठिकाणी काय घडतं ते आपण रोज इन्स्टाग्रामवर बघतो. ‘विक्री डबल झाली’ आणि ‘लई भारी’ एवढे दोन तुकडे उचलले जातात, त्यांच्या डोक्यावर पाच सोनेरी तारे येतात, खाली डिझायनरचा ठसठशीत लोगो बसतो आणि कॅप्शनमध्ये लिहिलं जातं, “अत्यंत नम्रपणे सांगावंसं वाटतं की…”. जोडीला हात जोडल्याची इमोजी. पोस्ट तयार.

आता थोडा हिशेब करून बघू. मावशींनी तारे दिलेले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर तारे देण्याची सोयच नसते. मेसेजमधलं सगळ्यात कामाचं वाक्य गळालेलं आहे. नम्रपणा फक्त ‘नम्रपणे’ या शब्दापुरता उरला आहे, बाकी पोस्ट छाती पुढे काढून उभी आहे. माझ्या मते अशा पोस्टचा दोष बढाई हा नाही. धंद्यात चार लोकांना आपलं काम सांगावंच लागतं. दोष हा, की दाद ज्यांच्या-ज्यांच्या वाट्याची आहे ती त्यांना न देता सगळी एकट्याच्या खात्यावर जमा होते.

फ्रीलान्सरला अशा पोस्टची गरज का पडते, तेही समजून घ्यायला हवं. सुताराने केलेलं कपाट घरात दिसतं, आलेल्या-गेलेल्याला मालक सुताराचं नाव सांगतो. लेबलावर मात्र मसाल्याचं नाव असतं, उत्पादकाचा पत्ता असतो, वजन, किंमत, परवान्याचा क्रमांक असतो. डिझायनरचं नाव कुठेच नसतं, आणि असायचं कारणही नाही. म्हणून काम केलं हे कुणालातरी सांगावं लागतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून आलेलं जास्त पटतं. जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. तीच स्तुती माणसाने स्वतः केली तर तो लोकांना कमी आवडतो, दुसऱ्याने केली तर जास्त आवडतो. आणि तो दुसरा पैसे घेऊन बोलणारा प्रतिनिधी आहे हे माहीत असतानाही हा फरक राहतो. म्हणजे मावशींच्या शब्दांना वजन आहे, ते मावशींचे आहेत म्हणून. त्यावर आपल्या शब्दांचं वर्ख चढवलं की तेच वजन कमी होतं.

पहिली पायरी परवानगीची. मेसेज मावशींनी ताईला लिहिला होता, जगाला नाही. “मावशी, तुमचा मेसेज पोस्टमध्ये टाकू का?” एवढं विचारणं पुरत नाही, कारण पोस्टमध्ये नक्की काय दिसणार हे त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. त्या सवयीने “टाक की” म्हणतील. म्हणून चित्र पूर्ण तयार करून तेच त्यांना पाठवायचं आणि तीन गोष्टी सरळ विचारायच्या: हे शब्द असेच चालतील का, नाव द्यायचं की नुसतं ‘मसाला उद्योजिका, कोल्हापूर जिल्हा’ लिहायचं, आणि विक्रीचा उल्लेख राहू द्यायचा का. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. विक्री वाढल्याचं चारचौघांत सांगणं प्रत्येकाला परवडतंच असं नाही. गावात उधारी मागणारे असतात, शेजारच्या गल्लीत तोच मसाला करणारे असतात. ताईने मेसेजचा स्क्रीनशॉट जसाच्या तसा टाकला असता तर मावशींचा फोटो, कदाचित नंबर, आणि वरच्या दोन मेसेजांत राहिलेल्या पैशांवरून झालेलं बोलणं हेही सगळ्यांना दिसलं असतं. वर ते पुसायला काळी रेघ ओढायची, म्हणजे पोलीस पंचनाम्याची कळा. स्क्रीनशॉटमुळे शब्द खरे वाटतात हे कबूल, पण तेवढ्यासाठी बाईचं खासगी बोलणं उघडं पाडायला नको. शब्द वेगळे लिहून काढावेत.

लिहून काढताना भाषेचा प्रश्न येतो. मावशींनी बहुधा मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं असतं, ते देवनागरीत आणावं लागतं. तिथे हात शिवशिवतो. ‘उचलत्यात’चं ‘उचलतात’ होतं, ‘बदलून दिलासा’चं ‘बदलून दिलेत’ होतं, आणि बघता बघता मावशी पुण्याच्या सदाशिव पेठेतून बोलायला लागतात. बोली तशीच ठेवावी. चुकीचा टाइप झालेला शब्द दुरुस्त करायला हरकत नाही, पण ‘लई’चं ‘अतिशय’ करणं म्हणजे माणूस बदलणं. उलट्या बाजूचीही काळजी घ्यावी लागते. काही जणांना आपली बोली छापून आलेली आवडत नाही, लोक हसतील असं वाटतं. मावशी म्हणाल्या, “जरा नीट लिव्ह की गं”, तर त्यांच्याच सांगण्याने नीट लिहावं. निर्णय त्यांचा.

आता मेसेजमधलं कोणतं वाक्य मोठ्या अक्षरात घ्यायचं? ‘लई भारी काम केलंसा’ हे वाक्य कानाला गोड आहे, पण ते लग्नातल्या जेवणालाही लागू पडतं. त्यातून पुढच्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही. ‘आता बायका पट्टी बघूनच उचलत्यात’ या वाक्यात मात्र सगळं आहे: आधी काय अडत होतं, काय बदललं, आणि ते बदललं हे कशावरून. ते वाचणाऱ्या लोणचंवाल्या बाईला लगेच स्वतःच्या चार बरण्या आठवतील. शिवाय त्यात कौतुकाचा एकही शब्द नाही, फक्त घडलेलं सांगितलेलं आहे. त्यामुळे ते छापताना डिझायनरला लाजायचं किंवा नम्रतेचा आव आणायचं कारणच उरत नाही.

‘विक्री डबल झाली’ हे वाक्य सगळ्यात मोहाचं आणि सगळ्यात निसरडं. डबल म्हणजे कशाच्या डबल? मावशी एरवी आठवड्याच्या बाजारात बसतात, या वेळी प्रदर्शनात बसल्या होत्या. तिथे येणारी माणसं खरेदीलाच आलेली असतात. प्रदर्शन उन्हाळ्याच्या तोंडाला असेल तर वर्षाचा मसाला भरण्याचा तोच हंगाम. लेबलाने काही फरक पडला असेलही, पण किती, हे मावशींना ठाऊक नाही आणि ताईला तर मुळीच नाही. मावशी खोटं बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते आनंदात सांगितलं. तेच वाक्य डिझायनरच्या पोस्टवर मोठ्या अक्षरात आलं की मात्र तो दावा होतो: माझ्याकडून लेबल करून घ्या, विक्री दुप्पट होईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्राने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत म्हटलं आहे की जाहिरातीत दिलेली शिफारस ही त्या माणसाचं खरं आणि अलीकडचं मत असायला हवी, त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव असायला हवा, आणि शिफारस करणारा व जाहिरातदार यांच्यात काही देणंघेणं असेल तर ते उघड करायला हवं. म्हणजे शिफारशीच्या बदल्यात पुढच्या कामात सूट कबूल केली असेल तर तेही लिहायला हवं. कायदा बाजूला ठेवला तरी साधा व्यवहार सांगतो, की पुढच्या गिऱ्हाइकाची विक्री दुप्पट झाली नाही तर ते हीच पोस्ट दाखवायला येणार. ते वाक्य सरळ गाळावं. गाळायचं नसेल तर मावशींना विचारून पूर्ण करावं: किती बरण्यांवरून किती, आणि कुठे.

जे वाक्य बहुतेक जण आधी कापतात ते मात्र मी ठेवीन: ‘पयला नमुना लई काळा आलता, पण बदलून दिलासा.’ काळा का आला, यात थोडी तांत्रिक गंमत आहे. पारदर्शक फिल्मवर लाल रंग छापला आणि ते लेबल गडद मसाल्याच्या बरणीवर लावलं, की मागचा मसाला त्या रंगातून दिसतो आणि लाल काळवंडतो. संगणकाच्या पडद्यावर हे कळत नाही, तिथे मागे पांढराशुभ्र उजेड असतो. उपाय म्हणजे रंगाच्या खाली आधी पांढऱ्या शाईचा थर देऊन मग वरून छापणं. हे वाक्य पोस्टमध्ये असलं की वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: मेसेज खरा आहे, आणि चुकलं तर ही मुलगी फोन उचलते. फ्रीलान्सरकडे काम देताना लोकांच्या मनात असलेली सगळ्यात मोठी धास्ती हीच असते.

आता वाटेकऱ्यांकडे येऊ. मावशी म्हणतात, तेलाचा हात लागला तरी लेबल पुसलं जातं. कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं, बरणी भरताना हात तेलकट होतातच, आणि कागदी लेबलावर त्याचे डाग पडून शाई फिसकटते. समजा, कागदाऐवजी फिल्म वापरा हा सल्ला छापखान्यातल्या दादांनी दिला होता. ताईने आधी कागदच धरला होता. मग ही दाद कुणाची? मावशींना छापखान्याचं काही माहीत नाही, त्यांनी आपली सगळी दाद ताईच्या पत्त्यावर पाठवली. पत्ता चुकलेलं पत्र आलं तर आपण ते शेजारी नेऊन देतो, तसंच इथे करायचं आहे.

रंगाच्या पट्टीचंही तसंच. पहिल्या भेटीत ताईला मावशींच्या घरी दिसलं, की त्यांनी बरण्यांच्या झाकणांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले होते. कोणता मसाला किती तिखट, ते स्वतःला ओळखता यावं म्हणून. पट्टीची मूळ कल्पना तिथून आली. म्हणजे कल्पना मावशींची, फिल्म दादांची. मग ताईने केलं काय?

इथे पुष्कळ चांगले डिझायनर दुसऱ्या टोकाला जातात आणि लिहितात, “मी काही विशेष केलं नाही.” हेही खोटंच आहे, आणि वर महागात पडणारं. पुढचं गिऱ्हाईक शांतपणे विचारतं, विशेष काही केलंच नाही तर एवढे पैसे कसले? ताईने बरंच केलं होतं. दोरा झाकणाला होता, तो समोरून दिसत नव्हता. तिने पट्टी लेबलाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात अशी बसवली, की बरण्या एकावर एक रचल्या तरी ती झाकली जात नाही. पिवळा, केशरी आणि लाल हे रंग संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली एकमेकांत मिसळतात हे तिने बाजारात उभं राहून पाहिलं, म्हणून पट्टीवर रंगाबरोबर एक, दोन आणि तीन मिरच्याही काढल्या. चष्मा घरी विसरलेल्या आजींनाही मिरच्या मोजता येतात. हे स्वच्छ शब्दांत सांगण्यात बढाई काही नाही.

मग कॅप्शन असं होऊ शकतं:

“कांदा-लसूण मसाल्याच्या बरण्यांसाठी केलेली लेबलं. मावशी झाकणाला रंगीत दोरे बांधून तिखटपणा ओळखत होत्या, तीच खूण लेबलावर आणली. रंग बल्बखाली सारखे दिसतात म्हणून सोबत मिरच्याही काढल्या. फिल्मवर छापायचा सल्ला छापखान्यातल्या दादांचा. तेल पुसलं जातं ते त्यामुळे. शब्द मावशींचे, त्यांना दाखवून आणि विचारून दिले आहेत.”

यात ‘नम्र’ हा शब्द नाही, ‘धन्य’ नाही, ‘भाग्य’ नाही. कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं उघडावं लागतं. म्हणून सुरुवात कामापासून केली आहे, स्वतःच्या भावनांपासून नाही. मावशींचं आणि छापखान्याचं खातं असेल आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांना टॅग करावं. टॅगचा फायदाही खरा असतो: त्या पोस्टवरून मसाल्याची चौकशी आली तर ती थेट मावशींकडे जाते. मात्र आधी त्यांना सांगून ठेवावं. मसाला संपलेला असताना चौकशी आली तर बिचाऱ्या नाही म्हणून म्हणून दमतील.

चित्राची मांडणी हा डिझायनरचा स्वतःचा प्रांत, पण गंमत म्हणजे स्वतःच्याच पोस्टमध्ये त्यांचा हात सुटतो. इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेलची करतात. फोनच्या पडद्याची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर धरली तर एका मिलिमीटरमध्ये जेमतेम १५ पिक्सेल बसतात. मासिकाच्या मजकुराचा टाइप १० पॉइंटच्या आसपास, म्हणजे साडेतीन मिलिमीटर असतो. तेवढा फोनवर दिसायला अक्षर ५५ पिक्सेलच्या आसपास हवं, आणि मोठं दिसायला हवं असलेलं वाक्य त्याहून मोठं. या मापाने चौकटीत पंचवीस-तीस शब्द सुखाने मावतात. मावशींचा पूर्ण मेसेज मावत नाही, म्हणजे निवड करावीच लागते, आणि निवड करताना मधलं काही गाळलं तर तिथे टिंबं द्यावीत. दोन वेगळी वाक्यं जोडून तिसरंच वाक्य तयार करू नये. प्रोफाइलच्या पानावर आता ३:४ या प्रमाणातल्या चौकटी दिसतात, त्यात या चित्राच्या दोन्ही कडांचे तीस-पस्तीस पिक्सेल कापले जातात. शब्द कडेला चिकटवले तर ‘पट्टी’चा ‘प’ गायब होईल.

देवनागरीच्या स्वतःच्या दोन-तीन अटी आहेत. इंग्रजी पोस्टमध्ये अक्षरं लांब-लांब मांडून जो रुबाब आणतात, तो इथे आणायला गेलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अवतरण तिरप्या अक्षरांत देण्याची पद्धतही इथली नाही. बहुतेक देवनागरी टाइपांत खरा तिरपा वळणाचा प्रकार नसतोच, सॉफ्टवेअर सरळ अक्षर ढकलून वाकवतं. वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागतं. अक्षराच्या मापाच्या दीडपट धरावं. आणि काही टाइपांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, मराठी वळणाचे मिळवायला भाषा मराठी निवडावी लागते. मेसेजातला ‘लई’ मोठ्या अक्षरात छापायचा आणि त्याचाच ‘ल’ परका, हे कोल्हापुरात तरी शोभायचं नाही.

चित्रात सगळ्यात मोठे असावेत ते मावशींचे शब्द, त्याखाली त्यांचं नाव किंवा ओळख, आणि डिझायनरचं नाव कोपऱ्यात लहान. फोटो वापरायचा तर खऱ्या बरणीचा, प्रदर्शनातल्या टेबलावरचा, थोडा तेलकट झालेला असला तरी. संगणकात तयार केलेली चकचकीत बरणी इथे नको. बोलणं ‘तेल लागलं तरी’चं आणि बरणी कधी तेल न पाहिलेली, हे विसंगत दिसतं. इंटरनेटवरून घेतलेला हसऱ्या अनोळखी बाईचा फोटो तर मावशींच्या शब्दांशेजारी कधीच लावू नये. वाचणारा तिलाच मावशी समजतो.

एक अडचण मात्र आपल्याकडे फार वेळा येते. अभिप्राय मागितला की क्लायंट म्हणतो, “मला कुठं लिहिता येतंय, तुम्हीच लिहा चांगलं, मी हो म्हणतो.” त्याचा हेतू प्रेमाचाच असतो. पण डिझायनरने लिहिलेला अभिप्राय वाचणाऱ्याला ओळखू येतो. त्यात ‘सर्जनशीलता’, ‘वेळेचं भान’, ‘व्यावसायिक दृष्टिकोन’ असले शब्द एका रांगेत बसलेले असतात. त्यापेक्षा लेबलं हाती पडल्यावर लगेच न विचारता तीन-चार आठवड्यांनी फोन करावा, तोवर त्यांनी माल विकून पाहिलेला असतो. “कसं वाटलं काम?” असं विचारलं तर “छान” एवढंच येतं. “आधी गिऱ्हाईक काय विचारायचं, आता काय विचारतं? अजून काय खटकतंय?” असं विचारावं. बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून त्यांना वाचून दाखवावं. खटकलेलं काही निघालं तर पोस्टच्या आधी ते दुरुस्त करता येतं.

पोस्टवर महिना आणि साल घालावं. मसाल्याचा धंदा हंगामागणिक बदलतो. उद्या मावशी बरणी सोडून पाकिटावर जातील, लेबल दुसऱ्याकडून करून घेतील किंवा चौथ्या प्रकारचा मसाला काढतील, आणि ‘आता बायका पट्टी बघूनच उचलत्यात’ हे तेव्हा खरं नसेल. तसं झालं, किंवा मावशींनी कधीही “काढ गं ते” म्हटलं, तर कारण न विचारता पोस्ट काढून टाकायची, हे परवानगी घेतानाच त्यांना सांगून ठेवावं.